सोलापुरात फ्लॅटचा वॉकथ्रू व्हिडिओ काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागातला रीसेल फ्लॅट घेणारा माणूस पुष्कळदा नोकरीसाठी पुण्यात राहत असतो. हुतात्मा एक्स्प्रेसने यायचं की नाही, हे तो मोबाइलवर वॉकथ्रू, म्हणजे घरातून चालत काढलेला व्हिडिओ, बघून ठरवतो. त्या दीड मिनिटात त्याला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. कुठली खोली कुठे आहे ही एक, आणि खोली खरोखर केवढी आहे ही दुसरी. खालचे बहुतेक प्रश्न याच दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात. विचारणारे इथले एजंट, नवे व्हिडिओग्राफर आणि स्वतःच्या मोबाइलवर शूट करू पाहणारे घरमालक आहेत.

## शूटच्या आधी नेमकं काय ठरवायचं?

चालण्याचा रस्ता. कॅमेरा बॅगेतच राहू द्या. वहीच्या पानावर घराचा कच्चा नकाशा काढा आणि त्यावर सगळी दारं खुणेने दाखवा. मग पेन्सिलने एक रेघ ओढा: मुख्य दारातून आत आलेला पाहुणा कसा फिरेल, तशी. रेघ ओढताना एकच गोष्ट सांभाळायची, कुठलंही दार शक्यतो दोनदा ओलांडायचं नाही.

फ्लॅटमध्ये हे पूर्णपणे साधत नाही, कारण बेडरूम आणि बाथरूम या बंद टोकाच्या खोल्या असतात. आत शिरलं की त्याच दारातून बाहेर यावं लागतं. तिथे बाहेर येण्याचा भाग दाखवायचाच नाही. आत जाऊन थांबायचं, शॉट कापायचा आणि पुढचा शॉट पॅसेजमधून सुरू करायचा, पुढच्या दाराकडे तोंड करून. बघणारा ती परतीची पावलं मनातच भरून काढतो. परतीचा प्रवास दाखवला तर मात्र खोली नवी की आधी बघितलेलीच, असा त्याचा गोंधळ होतो.

## खोल्यांचा क्रम कसा असावा? एखादं प्रत्यक्ष उदाहरण द्या.

आपल्याकडे नेहमी आढळणारा एक २ बीएचके घेऊ. मुख्य दार पूर्वेला. आत शिरताच समोर १६ फूट लांब, १० फूट रुंद हॉल आणि हॉलच्या टोकाला पश्चिमेची बाल्कनी. हॉलच्या मध्यावर उजव्या हाताला ८ बाय १० चं स्वयंपाकघर, त्याच्या मागे ड्राय बाल्कनी. स्वयंपाकघराच्या दारासमोर, हॉलच्या पलीकडच्या भिंतीत, साडेतीन फुटी पॅसेजचं तोंड. पॅसेजमध्ये उजवीकडे १० बाय १० ची लहान बेडरूम, डावीकडे कॉमन टॉयलेट आणि टोकाला १० बाय १२ ची मास्टर बेडरूम, तिला जोडून बाथरूम.

पहिला शॉट दाराबाहेर तीन फुटांवरून सुरू करायचा. दार आधीच उघडं ठेवायचं. दोन सेकंद तसंच थांबायचं, म्हणजे चौकट, नावाची पाटी आणि आतला उजेड दिसतो. मग उंबरा ओलांडून सरळ रेषेत बाल्कनीच्या दिशेने चालत जायचं आणि बाल्कनीच्या दारापासून पाच फूट आधी थांबायचं. हे चौदा फुटांचं अंतर झालं. त्यानंतर बाल्कनीच्या दारातून बाहेरचा पाच-सहा सेकंदांचा शॉट.

आता येतो या सगळ्या व्हिडिओतला सर्वांत उपयोगी शॉट, आणि नेमका तोच बहुतेकजण घेत नाहीत. बाल्कनीकडे पाठ करून मुख्य दाराकडे बघायचं आणि पाच सेकंद स्थिर राहायचं. आपण आलो ते दार समोर दिसतं, डावीकडे स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे पॅसेजचं तोंड. अख्ख्या घराचा नकाशा या एका चौकटीत मावतो. इथून पुढे बघणारा हरवत नाही.

मग डावीकडच्या दाराने स्वयंपाकघरात. ओट्याच्या कडेने पाच फूट आत जाऊन थांबायचं आणि कापायचं. ड्राय बाल्कनीला चार सेकंद पुरतात. पुढचा शॉट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून, तोंड पॅसेजकडे. तिथून हॉल आडवा ओलांडत सरळ पॅसेजमध्ये शिरायचं. हॉल दुसऱ्यांदा येतो खरा, पण आडव्या बाजूने, त्यामुळे त्याची रुंदीही कळते. पॅसेजमधून लहान बेडरूम, मग टॉयलेटचा दारातूनच घेतलेला छोटा शॉट, मग पॅसेजच्या टोकाशी मास्टर बेडरूम, तिची बाथरूम, आणि शेवट मास्टरच्या खिडकीपाशी. सगळं मिळून साधारण दीड मिनिट.

## बेडरूम आधी आणि स्वयंपाकघर नंतर घेतलं तर काय बिघडतं?

वरच्या घरात हॉल, लहान बेडरूम, स्वयंपाकघर, मास्टर असा क्रम लावून बघा. पॅसेजमध्ये जायचं, परत हॉलमध्ये यायचं, स्वयंपाकघर दाखवायचं आणि पुन्हा पॅसेज. दोन्ही बेडरूम एकाच पॅसेजवर शेजारीशेजारी आहेत, पण व्हिडिओत त्यांच्यामध्ये स्वयंपाकघर येऊन बसतं. बघणाऱ्याला वाटतं, एक बेडरूम या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला. आईवडिलांची खोली आपल्या खोलीजवळ हवी असणारा माणूस इथेच नाही म्हणतो. घर बरोबर असतं, क्रम चुकलेला असतो.

क्रम नीट बसला की नाही हे तपासायची माझी पद्धत साधी आहे. घर न बघितलेल्या माणसाला आवाज बंद करून व्हिडिओ दाखवायचा आणि कागदावर खोल्यांच्या जागा काढायला सांगायच्या. मापं चुकली तरी चालतात. स्वयंपाकघर पॅसेजच्या बाजूला काढलं गेलं, तर एक शॉट कमी पडला आहे, आणि बहुधा तो बाल्कनीपासून मुख्य दाराकडे बघणाराच असतो.

## पार्किंग, लिफ्ट आणि सोसायटीचं गेट सुरुवातीला दाखवायचं का?

तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त नको. लिफ्ट चालू आहे की नाही, गाडी कुठे लागते, हे गिऱ्हाईक विचारतंच, पण त्याचे शॉट शेवटी जोडले तरी चालतात. पहिल्या दहा सेकंदांत घराच्या आत पोचायला हवं.

## किती वाइड लेन्स घ्यावी?

फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १६ ते ३५ मिमीची झूम असेल तर मी वॉकथ्रू १८ किंवा २० मिमीवर घेतो. १६ मिमी फक्त बाथरूमसाठी राखून ठेवतो. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर हे आकडे दीडने भागा, म्हणजे १२-१३ मिमी आणि १०-११ मिमी.

खोलीचा कोपरा ९० अंशांचा असतो. फुल फ्रेमच्या पूर्ण रुंदीवर १६ मिमीची लेन्स आडवी साधारण ९७ अंश बघते, २० मिमी ८४ अंश आणि २४ मिमी ७४ अंश. म्हणून कोपऱ्यात पाठ लावून उभं राहिलं की १६ मिमीवर दोन्ही बाजूंच्या भिंती चौकटीत येतात, आणि सगळ्यांना तोच आकडा आवडू लागतो. पण त्याची किंमत चौकटीच्या काठाला मोजावी लागते. १६ मिमीवर अगदी काठाला असलेला गोल माठ उंचीच्या मानाने दीडपट रुंद दिसतो. २४ मिमीवर हेच ताणलं जाणं सव्वापट असतं. काठाला सोफा आला की तीन माणसांचा सोफा चार माणसांचा वाटतो, आणि समोरची भिंत आहे त्यापेक्षा लांब जाते. पुण्याहून आलेला माणूस दारात उभा राहून पहिलं वाक्य म्हणतो, 'व्हिडिओत मोठं वाटत होतं.' तिथून पुढची बोलणी कठीण होतात.

कॅमेरा ४के मध्ये सेकंदाला ५० फ्रेमवर जाताना चौकट कापतो का, हेही बघून घ्या. बरेच कॅमेरे कापतात. मग तुम्ही २० लावली असली तरी प्रत्यक्षात २४ किंवा त्याहून अरुंद मिळतं. शूटच्या आदल्या दिवशी घरच्या खोलीत एकाच जागेवरून दोन्ही सेटिंग लावून बघितलं की कळतं.

## प्रत्येक खोलीला वेगळा झूम केला तर?

करू नका. हॉल २४ वर आणि बेडरूम १६ वर घेतली, तर १० बाय १० ची बेडरूम हॉलच्या बरोबरीची भासते. पूर्ण फेरी एकाच आकड्यावर घेतली की खोल्यांची आपसातली तुलना खरी राहते. लहान खोली लहानच दिसते, आणि दिसायला हवी.

बाथरूमचा अपवाद करावाच लागतो. चार बाय सातच्या जागेत २० मिमीवर नुसती टाइल दिसते. तिथे १६, कॅमेरा दाराच्या चौकटीत, जवळजवळ स्थिर. कमोड चौकटीच्या काठाला येऊ देऊ नका, तो विचित्र लांबतो. झाकण बंद, बादली-मग बाहेर.

## उभ्या रेषा तिरक्या येतात. कशामुळे?

कॅमेरा वर किंवा खाली झुकल्यामुळे. सेन्सर भिंतीला समांतर असेल तर दाराची चौकट, खांब, कपाटाच्या कडा सगळं उभं सरळ येतं. तो जरा वर झुकला की त्याच रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे येऊ लागतात. वाइड लेन्सवर हे फार उठून दिसतं. कॅमेरा ३ अंश झुकला तर १६ मिमीवर काठाची चौकट साडेतीन अंशांच्या आसपास कलते, २४ मिमीवर सव्वादोनच्या आसपास. म्हणजे लेन्स जितकी वाइड, तितकं झुकण्याचं पाप मोठं.

रेषा बघून कारण ओळखता येतं. स्क्रीनवर ग्रिड लावा आणि चौकटीच्या दोन्ही काठांजवळची एकेक उभी कड बघा. दोन्ही कडा वर आत येत असतील तर कॅमेरा वर झुकलाय. वर फाकत असतील तर खाली झुकलाय. दोन्ही एकाच बाजूला कलल्या असतील तर कॅमेरा झुकलेला नाही, आडवा कललाय, म्हणजे रोल बिघडलाय. आणि कड सरळ न राहता धनुष्यासारखी बाहेर फुगली असेल तर तो लेन्सचा दोष. कॅमेऱ्यातलं डिस्टॉर्शन करेक्शन चालू करा किंवा एडिटिंगमध्ये त्या लेन्सचं प्रोफाइल लावा. ॲक्शन कॅमेरा असेल तर त्याचा लिनिअर मोड. या चार दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, म्हणून आधी दुखणं कुठलं ते ओळखायचं.

एडिटिंगमध्ये उभ्या रेषा सरळ करता येतात, पण तिथे एक मर्यादा आहे. स्थिर शॉटमध्ये झुकाव एकसारखा असतो, तो सहज निघतो. चालत्या शॉटमध्ये तो पावलागणिक बदलतो. एका फ्रेमला सरळ केलेली चौकट पुढच्या सेकंदाला पुन्हा कलते आणि भिंती श्वास घेतल्यासारख्या हलतात. चालता शॉट जागेवरच सरळ घ्यावा लागतो.

## पण कॅमेरा सरळ ठेवला की छतच फार दिसतं!

खरं आहे. कॅमेरा समतल असला की कॅमेऱ्याच्या उंचीची रेषा चौकटीच्या बरोबर मध्यावर येते, आणि वरचा अर्धा भाग भिंत आणि छत खातो. मग हात आपोआप कॅमेरा खाली झुकवायला बघतो. झुकवायचं नाही, कॅमेऱ्याची उंची कमी करायची.

कॅमेरा जमिनीकडे नेला की छताची कड चौकटीत वर सरकते, छत कमी होतं आणि फरशीला जास्त जागा मिळते. उलट कॅमेरा डोक्याच्या उंचीवर धरला की छत आणि पंखे चौकट भरून टाकतात. साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत मी साधारण चार फुटांवर धरतो. स्वयंपाकघरात अर्धा फूट वर, कारण ओटा पावणेतीन-तीन फुटांवर असतो आणि त्याची वरची बाजू दिसली पाहिजे. शॉट चालू असताना उंची बदलायची नाही. स्वयंपाकघराचा शॉट वेगळा असल्यामुळे हा बदल खपून जातो.

दुसरा उपाय एडिटिंगच्या टेबलावरचा. शूट ४के मध्ये करा आणि व्हिडिओ १०८० मध्ये द्या. मग चित्र थोडं मोठं करून वर सरकवायला जागा मिळते. छताची पट्टी कापली जाते आणि रेषांना धक्का लागत नाही, कारण कॅमेरा झुकलेलाच नसतो. यासाठी शूटच्या वेळी लेन्स जराशी जास्त वाइड ठेवावी लागते. २० ची चौकट हवी असेल तर १८ वर घ्या.

## गिंबल आहे, तरी रेषा हलतात. असं का?

गिंबल म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरची मूठ. सगळ्यात आधी त्याचा मोड बघा. वॉकथ्रूसाठी पॅन फॉलो हवा, म्हणजे गिंबल फक्त डावी-उजवीकडे तुमच्यामागे वळतो आणि वर-खाली व रोल या दोन बाजू धरून ठेवतो. टिल्ट फॉलो चालू राहिला तर मनगट जरा खाली गेलं की कॅमेराही झुकतो, आणि ते शूटमध्ये जाणवत नाही, घरी मोठ्या स्क्रीनवर दिसतं.

त्यानंतर रोल. गिंबल सपाट ओट्यावर ठेवून हॉरिझॉन कॅलिब्रेट करा. ओटा खरोखर सपाट आहे का, ते मोबाइलच्या लेव्हलने बघा, कारण पाणी सिंककडे वाहून जावं म्हणून ओट्याला उतार दिलेला असू शकतो. जोरात वळल्यावर काही गिंबलचा रोल अर्धा-एक अंश सरकतो, म्हणून प्रत्येक खोलीच्या सुरुवातीला दाराच्या चौकटीशी ताडून बघा.

आणखी एक कारण गिंबलच्या बाहेरचं आहे. कॅमेऱ्याच्या आतलं स्टॅबिलायझेशन चालू असेल तर फार वाइड लेन्सवर चौकटीचे कोपरे डगमगतात. मधला भाग स्थिर आणि कोपऱ्यातलं कपाट मात्र थरथरतंय, असं दिसलं तर हेच समजा. गिंबलवर कॅमेरा चढवला की ते बंद करून एक चाचणी शॉट घ्या आणि फरक बघा.

## चालायचं कसं आणि किती वेगाने?

बघणाऱ्याला सेकंदाला एक फूट हा वेग छान वाटतो. पण इतकं हळू चालताना शरीर डोलतं. म्हणून ५० फ्रेमवर शूट करून एडिटिंगमध्ये २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर वेग निम्मा करायचा. प्रत्यक्षात तुम्ही सेकंदाला दोन फूट चालता, व्हिडिओत तो एक फूट होतो, आणि पावलांचे धक्केही निम्म्या वेगाने येतात. वरच्या हॉलचे चौदा फूट तुम्ही सात सेकंदांत चालता आणि ते पडद्यावर चौदा सेकंद चालतात. प्रत्येक टोकाला प्रत्यक्षात दोन सेकंद थांबा, म्हणजे कापायला जागा राहते.

तीन ॲक्सिसचा गिंबल कलणं आणि वळणं थोपवतो, पण पावलागणिक होणारी वर-खाली हालचाल थोपवत नाही. ती गुडघ्यांनी थोपवावी लागते. गुडघे थोडे वाकवा, पावलं लहान ठेवा, टाच आधी टेकवून पंजा हळूहळू खाली सोडा. चपला दाराबाहेर काढून मोज्यांवर चाललं तर व्हिट्रिफाइड फरशीवर आवाजही होत नाही आणि पाऊलही मऊ पडतं, फक्त घसरण्याची काळजी घ्या. वर-खाली हालचाल जवळच्या वस्तूंवर जास्त दिसते, म्हणून सोफ्याच्या पाठीजवळून किंवा डायनिंग टेबलाला खेटून चालू नका.

## खोलीत मध्ये उभं राहून गोल फिरलं तर सगळी खोली दिसते ना?

दिसते, पण कळत नाही. वाइड लेन्सवर पॅन करताना वस्तू मध्यावरून काठाकडे जाताना ताणत जाते आणि दुसरी काठाकडून मध्याकडे येताना आक्रसते. कपाटाचं दार रुंद होतं, मग अरुंद होतं. पाहणाऱ्याला गरगरतं, आणि आकाराचा अंदाज तर लागतच नाही.

त्याऐवजी कॅमेऱ्याची दिशा जवळपास तीच ठेवून जागा बदला. दारातून सरळ आत या, किंवा दाराजवळून भिंतीला समांतर दोन-तीन फूट बाजूला सरका. जवळचा पलंग आणि मागची खिडकी वेगवेगळ्या वेगाने सरकतात, त्यावरून खोली किती आतपर्यंत जाते याचा डोळ्याला अंदाज येतो. वळावंच लागलं तर चालता चालता मोठ्या वळणाने वळा. एखादी वस्तू चौकटीच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाला जायला सातेक सेकंद लागावेत, हा कॅमेरामन लोकांचा जुना ठोकताळा इथेही चालतो.

दारातून जाताना बरोबर मधून, चौकटीला काटकोनात जा. बेडरूमचं दार अडीच फुटांचं असतं, गिंबल धरलेला हात एखाद्या बाजूला जातोच. दाराचा पडदा काढून ठेवा, तो लेन्सवर येतो. दार मागे पूर्ण उघडून त्याला अडसर लावा. आणि जाताना चौकटीच्या दोन्ही कडा स्क्रीनवर समांतर आहेत का बघा, घरातली सगळ्यात चांगली लेव्हल तीच.

## पंखे खरंच बंद करायचे? मे महिन्यात?

हो. सोलापूरच्या उन्हाळ्यात घरातल्या माणसांना हे सांगणं जड जातं, म्हणून मी सकाळी साडेसात-आठला शूट ठेवतो आणि एकेका खोलीपुरतेच पंखे बंद करतो. वेग निम्मा केलेल्या व्हिडिओत पंखा सावकाश तरंगतो आणि पडदेही पाण्यात हलल्यासारखे दिसतात. मग खोटेपणा उघडा पडतो. 'काकू, चार मिनिटं फक्त,' असं आधीच सांगितलं तर सगळे समजून घेतात.

## दिवे लावले की व्हिडिओत पट्टे सरकतात.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेमला शटर १/५० आणि ५० फ्रेमला १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक वेळा जातात. ६० फ्रेम आणि १/१२५ ही जोडी आपल्या घरांत टाळा. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर हेच लावा. ऊन जास्त म्हणून शटर वाढवायचा मोह होतो, त्याऐवजी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लेन्सवर लावा किंवा ॲपर्चर लहान करा.

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने लॉक करा. ऑटोवर ठेवलं तर हॉलमधून बाल्कनीकडे चालताना खोली अचानक काळवंडते. वरच्या उदाहरणातली बाल्कनी पश्चिमेची, म्हणून सकाळी हॉलमध्ये थेट ऊन येत नाही आणि बाहेरचं दृश्यही फार पांढरं पडत नाही. पूर्वेची असती तर मी दुपारनंतर गेलो असतो.

## मोबाइलवर होईल का?

होईल. 0.5x ची लेन्स बहुतेक फोनमध्ये फुल फ्रेमच्या १३-१४ मिमीएवढी वाइड असते, म्हणजे हॉलसाठी गरजेपेक्षा जास्त, आणि कमी उजेडात तिचं चित्र दाणेदार होतं. काही फोनमध्ये 0.6x किंवा 0.7x लावता येतं, तिथे काठ जरा शांत होतात. हॉल मोठा असेल तर 1x वर घ्या आणि चार पावलं मागे, दाराबाहेर उभे राहा. दारातून आत बघणं हा लहान फ्लॅटमध्ये मागे जायला जागा मिळवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

## रो हाउस किंवा दुमजली घर असेल तर जिना कसा दाखवायचा?

चढत जाऊन नाही. जिना चढताना वर बघावंच लागतं, कॅमेरा झुकतो आणि सगळ्या रेषा पडतात. शिवाय प्रत्येक पायरीचा धक्का गिंबल सोडवू शकत नाही. जिन्याच्या पायथ्याशी, समतल कॅमेरा, तीन सेकंद: पहिल्या पायऱ्या आणि कठडा दिसला की पुरे. कापा. पुढचा शॉट वरच्या लँडिंगवरून, आणि चौकटीत जिन्याचा कठडा असलाच पाहिजे, म्हणजे आपण त्याच जिन्याने वर आलो हे कळतं. पेठांमधल्या अरुंद जुन्या घरांत जिना अंधारा असतो. तिथे दिव्याची सोय आधी करून ठेवा.

## एजंट म्हणतात, रीलसाठी उभा व्हिडिओ पाहिजे. आडव्यातून कापला तर?

१६ मिमीवर घेतलेल्या आडव्या चौकटीतून ९:१६ ची उभी पट्टी कापली तर रुंदी जेमतेम ३९ अंश उरते. भिंतीचा एक तुकडा आणि अर्धं दार. कॅमेरा उभा करून घेतलं तर तीच लेन्स आडवी ६५ अंश बघते. म्हणून तोच रस्ता दुसऱ्यांदा, कॅमेरा उभा लावून चालायचा. क्रम आणि थांबण्याच्या जागा त्याच, त्यामुळे वेळ फार लागत नाही.

उभ्या चौकटीत छत आणि फरशी खूप येते, म्हणून कॅमेरा साडेतीन फुटांपर्यंत खाली आणा. रेषा इथे लांब असतात, त्यामुळे कलणं जास्त बोचतं. गिंबलला उभा कॅमेरा लावल्यावर तोल आणि हॉरिझॉन दोन्ही नव्याने जुळवा.

## खोलीची मापं व्हिडिओत लिहावीत का?

लिहावीत, आणि टेपने मोजून लिहावीत. 'हॉल १० × १६ फूट' असं खोलीत शिरताच तीन सेकंद दाखवा. लेन्स वाइड असल्यामुळे डोळ्याला जे जास्तीचं वाटतं, ते या आकड्याने जाग्यावर येतं. फ्लॅटच्या बाबतीत कार्पेट एरियाच लिहा.

बिल्डरच्या नव्या प्रकल्पाचा व्हिडिओ असेल तर तो जाहिरातच ठरतो. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या वेबसाइटचा पत्ता ठळक द्यावा लागतो, आणि महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक केला आहे. क्यूआर कोड पडद्यावर इतका मोठा आणि इतका वेळ ठेवा की दुसऱ्या फोनवरून तो खरोखर स्कॅन होईल. व्हिडिओ पाठवण्याआधी स्वतः एकदा स्कॅन करून बघा.